कोयनेचा एक परिच्छेद तपासताना: संपादन विभागातल्या नव्या इंटर्नसाठी

पावसाळ्यात डेस्कवर सर्वांत जास्त येणारा मजकूर म्हणजे धरणांचा. त्यात गावांची नावे असतात, आकडे असतात आणि एखाद्या अभियंत्याचे विधान असते. नव्या इंटर्नला मुद्रितशोधन आणि तथ्यतपासणी शिकवायला मी म्हणूनच धरणाचा मजकूर घेते. खालचा परिच्छेद सरावासाठी मीच तयार केलेला आहे, त्यातली आठवड्याची आकडेवारी काल्पनिक आहे. मात्र त्यातली प्रत्येक चूक मी प्रत्यक्षात कुठल्या ना कुठल्या मजकुरात पाहिलेली आहे. पुढे जाण्याआधी तो एकदा सावकाश वाचा.

«सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाची क्षमता १०५.२५ दशलक्ष घनफूट आहे. गेल्या सोमवारी ६० टक्के असलेला साठा या सोमवारी ७५ टक्के झाला असून आठवड्यात साठ्यात १५ टक्क्यांनी वाढ झाली. धरणाच्या सात वक्र दरवाज्यातून ५० हजार क्युसेक विसर्ग सुरु असून दिवसाला ४३ टीएमसी पाणी नदीत जात आहे. १० डिसेंबर १९६७ चा भूकंप सोसूनही हे धरण भक्कम उभे आहे. ‘पूर येणार नाही,’ अशी ग्वाही कार्यकारी अभियंत्यांनी दिली. कोलकेवाडी आणि पोफली येथील वीजनिर्मिती सुरळीत आहे.»

पहिले वाचन: हात न लावता

नवीन माणसाचा हात पहिल्यांदा ‘सुरु’वर जातो. तो दीर्घ करण्यात समाधान असते आणि तेवढ्यात शेजारचा ४३ हा आकडा नजरेतून निसटतो. पहिल्या वाचनात म्हणून काहीच दुरुस्त करू नका. लेख काय सांगतोय एवढेच समजून घ्या. दुसऱ्या वाचनात, जे खरे किंवा खोटे ठरू शकते त्या प्रत्येक गोष्टीखाली रेघ ओढा: नाव, पद, ठिकाण, तारीख, आकडा, एकक, अवतरण. वरच्या सहा वाक्यांत अशा वीसेक जागा निघतात. शुद्धलेखन सर्वांत शेवटी, कारण तथ्ये सुधारताना वाक्ये बदलतात आणि बदललेल्या वाक्यात नव्या चुका शिरतात.

रेघा ओढल्या की वहीत किंवा शीटमध्ये तीन रकाने करा: लेखातले विधान, कशावरून तपासले, काय ठरले. मधला रकाना रिकामा असेल तर ती गोष्ट तपासलेली नाही, मग ती कितीही ओळखीची वाटो. आणि त्या रकान्यात ‘इंटरनेट’ असे लिहू नका. कुठले पत्रक, कुठल्या तारखेचे, कोणाशी किती वाजता बोललात, हे लिहा. रात्री साडेदहाला वृत्तसंपादकांनी विचारले की ते सापडले पाहिजे.

आकडे: आधी एकक, मग बेरीज

पहिल्याच वाक्यात १०५.२५ हा आकडा बरोबर आहे आणि एकक चुकले आहे. टीएमसी म्हणजे हजार दशलक्ष घनफूट, आपल्या मोजणीत शंभर कोटी. भाषांतर करताना ‘हजार’ गळून पडतो आणि धरण हजारपटीने लहान होते. दशलक्ष म्हणजे दहा लाख, हे एकदा मनात पक्के करा; इंग्रजी पत्रकातल्या मिलियनचे कोणी लाख करते, कोणी कोटी, आणि दोन्ही छापून येते.

इथे आणखी एक गोम आहे. तुम्ही शोधायला गेलात तर कोयनेची क्षमता काही ठिकाणी ९८.७८ टीएमसी किंवा २,७९७ दशलक्ष घनमीटर अशी सापडेल. ते दोन्ही आकडे एकच आहेत, कारण एक टीएमसी म्हणजे सुमारे २८.३ दशलक्ष घनमीटर. तो आकडाही खोटा नव्हे, जुना आहे. पुढे दरवाजांची उंची वाढवली आणि क्षमता १०५.२५ झाली. दोन स्रोत भांडताना दिसले की ‘कोणाचा बरोबर?’ विचारण्याआधी ‘कोणाचा कधीचा?’ हे विचारा. निम्मी भांडणे तिथेच मिटतात.

आता टक्के. साठा ६० वरून ७५ टक्क्यांवर गेला. १०५.२५ च्या हिशेबाने ६० टक्के म्हणजे सुमारे ६३ टीएमसी आणि ७५ टक्के म्हणजे सुमारे ७९. त्रेसष्टात सोळाची भर पडली तर वाढ पंचवीस टक्क्यांची झाली. ‘१५ टक्क्यांनी वाढ’ हे चूक आहे. शास्त्रशुद्ध शब्द ‘टक्केबिंदू’ असा आहे, पण वाचकाला तो अडतो. मी सरळ ‘साठा ६० वरून ७५ टक्क्यांवर गेला’ एवढेच ठेवते आणि वाढीचे वेगळे विधान काढून टाकते.

हे टक्के कशाचे, तेही पाहा. काही पत्रके एकूण साठ्याचे टक्के देतात, काही उपयुक्त साठ्याचे. उपयुक्त साठा म्हणजे एकूणातून मृतसाठा, म्हणजे तळाचे एरवी न वापरले जाणारे पाणी, वजा करून उरतो तो. कोयनेत मृतसाठा पाचेक टीएमसीच आहे, त्यामुळे फार फरक पडत नाही. उजनीत मात्र मृतसाठाच ६३ टीएमसीहून थोडा जास्त आहे. उजनी ‘शून्य टक्के’ असते तेव्हाही तिच्यात एवढे पाणी असते, आणि ते वापरले जाऊ लागले की बातमीत ‘उणे वीस टक्के’ असे येते. एका इंटर्नने ते ‘उणे’ छपाईची चूक समजून खोडले होते आणि उपयुक्त साठा संपलेले धरण पानावर वीस टक्के भरले. न कळलेली गोष्ट खोडायची नसते, विचारायची असते.

विसर्गाचा आकडा तपासायला एक छोटे गणित पाठ ठेवा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसात ८६,४०० सेकंद. शंभर कोटींना त्याने भागले की ११,५७४ येतात. म्हणजे साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी जाते. मग ५० हजार क्युसेकला? चार टीएमसीहून थोडे जास्त, नेमके ४.३२. लेखात ४३ आहे. दशांशचिन्ह कुठेतरी हरवले. हे गणित न करताही संशय यायला हवा होता: रोज ४३ टीएमसी गेले असते तर ७९ टीएमसीचे धरण दोन दिवसांत रिकामे झाले असते. एका लेखातले दोन आकडे एकमेकांशी पटतात का, हे पाहायला कुठलाही स्रोत लागत नाही, त्यामुळे ती तपासणी सर्वांत आधी करा.

दरवाजे सात नाहीत, सहा आहेत. आणि ५० हजार क्युसेक फक्त दरवाजांतून सोडलेले की पायथा वीजगृहातून येणारे धरून? पत्रकात हे दोन आकडे वेगळे देऊन खाली बेरीज असते आणि घाईत बातमीदार बेरीज उचलून ‘दरवाजांतून’ असे लिहितो. पत्रकाची मूळ प्रत मागा. व्हॉट्सअॅपवर पुढे ढकललेला मजकूर ही प्रत नव्हे. त्यावर तारीख आणि वेळ नसते, आणि विसर्ग तर दर काही तासांनी बदलतो. म्हणूनच ‘या सोमवारी’ऐवजी तारीख आणि वेळ हवी. संकेतस्थळावरची बातमी वाचक महिन्याने उघडतो, तेव्हा ‘या सोमवारी’ला काहीच अर्थ नसतो.

तारीख: दोघेही बरोबर असतात तेव्हा

कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साधारण चार वाजून एकवीस मिनिटांनी झाला. मग लेखकाला १० डिसेंबर कुठून मिळाला? परदेशी भूकंप-सूचीतून. तिथे वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटेचे ४.२१ तिथे आदल्या रात्रीचे १०.५१ होतात आणि तारीख एका दिवसाने मागे जाते. किल्लारीचेही तसेच: आपल्याकडे ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, सूचीत २९ सप्टेंबर. पहाटे साडेपाचच्या आत घडलेल्या कुठल्याही घटनेला हा सापळा लागू आहे. स्थानिक वेळेची तारीख ठेवा. भूकंपाची तीव्रता लिहायची असेल तर वेगवेगळ्या नोंदींत ६.३ ते ६.६ असे आकडे मिळतात. तिथे एकच आकडा निवडून ठामपणे लिहू नका, कोणाची नोंद ते सांगा किंवा ‘साडेसहाच्या आसपास’ म्हणा.

किल्लारीच्या भूकंपाविषयी लिहिताना आणखी एक प्रश्न येतो. तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा आज धाराशिव आहे. कुठले नाव वापरायचे? तुमच्या संस्थेची शैलीपुस्तिका काय म्हणते ते पाहा. ती नसेल तर ‘तत्कालीन उस्मानाबाद (आता धाराशिव)’ असे पहिल्या उल्लेखात लिहा आणि पुढे एकच नाव चालवा. यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव देवराष्ट्रे हे असेच आहे. त्यांच्या जन्माच्या वेळी, १९१३ मध्ये, ते सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. लेखकाने ‘सातारा’ लिहिले असेल तर लाल शाई उचलण्याआधी तो कोणत्या काळाविषयी बोलतोय ते पाहा.

नावे: ळ आणि ण कुठे गेले

रोमन लिपीतून आलेल्या पत्रकात ळ आणि ण यांना जागाच नसते. कोयनेच्या परिसरात तर एका दिवसात हे सगळे भेटतील: कोळकेवाडीचे कोलकेवाडी होते, पोफळीचे पोफली, हेळवाकचे हेलवाक, पाटणचे पाटन. गावांची नावे निदान महसूल विभागाच्या मराठी नोंदींत किंवा जिल्ह्याच्या मराठी संकेतस्थळावर सापडतात. माणसांच्या नावांना तसा आधार नसतो. रोमन लिपीतले ‘काले’ दिसणारे आडनाव काळे असू शकते आणि खरोखर कालेही असू शकते. शेलके की शेळके, महाडिक की महाडीक, हे तर्काने ठरत नाही. लोकप्रतिनिधी असेल तर निवडणुकीच्या शपथपत्रावर त्यांनी स्वतः मराठीत लिहिलेले नाव पाहता येते. बाकी सर्वांसाठी मार्ग एकच: फोन करा आणि विचारा, “आपलं आडनाव ळ चं की ल चं?” हा प्रश्न विचारल्याबद्दल आजवर माझ्यावर कोणीही चिडलेले नाही.

मी स्वतः इंटर्न असताना एका निवृत्त शिक्षकांच्या निधनवार्तेत ल चा ळ केला होता. मला वाटले, टंकलेखकाची चूक मी पकडली. दोन दिवसांनी त्यांचा मुलगा कात्रण घेऊन कार्यालयात आला. तो ओरडला नाही. कात्रण टेबलावर ठेवून म्हणाला, “ताई, बाबांचं नाव छापून आलेलं हे एकच आहे.” आम्ही दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, पण त्यांच्या घरातले कात्रण तेच राहिले. तेव्हापासून नाव मी कधीही अंदाजाने ‘सुधारत’ नाही.

नाव एकदा पक्के झाले की पूर्ण लेखात ते शोधून पाहा, मथळ्यात आणि छायाचित्राच्या ओळीतही. इथे संगणक एक खोडी करतो. ‘साताऱ्या’मधला ऱ्य दोन वेगळ्या पद्धतींनी टंकता येतो, पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण एक शोधला तर दुसरा सापडत नाही. शोधाचे उत्तर ‘शून्य’ आले तर विश्वास ठेवू नका, ‘साता’ एवढेच घालून पुन्हा शोधा. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या मजकुरात तर ‘साताऱ्यात’चे ‘सातार्यात’ आणि ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ झालेले हमखास मिळते.

पदेही नावाइतकीच जपून तपासा. कार्यकारी अभियंता, उपविभागीय अभियंता आणि अधीक्षक अभियंता ही वेगळी माणसे आहेत.

अवतरण: चिन्हांच्या आत काय आहे

लेखात अभियंत्यांच्या तोंडी तीन शब्द आहेत: ‘पूर येणार नाही.’ बातमीदाराकडून ध्वनिमुद्रण मागा आणि त्या वाक्याच्या आधीचे व नंतरचे अर्धे मिनिट ऐका. समजा, ध्वनिमुद्रणात असे निघाले: “सध्याच्या विसर्गानं पूर येणार नाही, पण पाऊस असाच राहिला तर विसर्ग वाढवावा लागेल.” लेखातले तीन शब्द त्यांनी उच्चारले आहेत, एकही शब्द बदललेला नाही, आणि तरीही अवतरण खोटे झाले आहे. अट आधी होती, इशारा नंतर होता, दोन्ही कापले गेले. नदीकाठचा माणूस ते वाचून जनावरे गोठ्यातच ठेवील. माझ्या लेखी पूर्ण परिच्छेदातली सर्वांत गंभीर चूक हीच आहे.

अवतरणासाठी तीन प्रश्न पुरतात. शब्द तेच आहेत का? ज्या अर्थाने बोलले त्याच अर्थाने आलेत का? आणि सांगणाऱ्या क्रियापदाने रंग भरला आहे का? ‘ग्वाही दिली’, ‘कबूल केले’, ‘दावा केला’ यांतला प्रत्येक शब्द बोलणाऱ्याच्या मनातले काहीतरी गृहीत धरतो. अभियंत्यांनी ग्वाही दिलीच नव्हती, अंदाज सांगितला होता. ‘सांगितले’ आणि ‘म्हणाले’ हे साधे शब्द बहुतेक वेळा पुरतात. बोलणे हिंदीत किंवा इंग्रजीत झाले असेल तर भाषांतर मूळ वाक्य ऐकत ताडून पाहा, आणि शंका असेल तर अवतरणचिन्हे काढून आशय सांगा. ध्वनिमुद्रण नसेल, वहीतल्या नोंदीच असतील, तरी हेच करा. शेतकऱ्याच्या बोलीतले वाक्य प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ करू नका. ते त्याचे शब्द आहेत.

दिवंगत थोरांची वचने हा वेगळाच विषय. डॉ. आंबेडकरांचे ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ सगळीकडे या क्रमाने दिसते. १९४२ च्या नागपूरच्या इंग्रजी भाषणात मात्र शिक्षणानंतर चळवळ आणि मग संघटन असा क्रम आहे. लेखात ते वचन त्या भाषणाचा हवाला देऊन आले असेल तर महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या भाषणांच्या खंडात पाहून क्रम ठेवा. प्रचलित घोषणा म्हणून आले असेल तर तसे लिहा.

लेखकाला विचारणे

तथ्याची चूक परस्पर दुरुस्त करू नका. तुमचा हिशेब बरोबर असला तरी लेखकाकडे तुम्हाला न दिसलेले काही असू शकते. संदेश लहान, नेमका आणि उत्तर देता येईल असा हवा. ‘सर, आकडे चेक करा’ याने काही होत नाही. मी असा पाठवते: “सर, तिसऱ्या वाक्यात दिवसाला ४३ टीएमसी आहे. ५० हजार क्युसेकचे ४.३२ येतात. ४.३ करू का? आणि ५० हजारांत पायथा वीजगृह धरलंय का?” उत्तर रकान्यात उतरवून ठेवा.

वेळ कमी असेल, पान अर्ध्या तासात सोडायचे असेल, तर क्रम असा लावा: ज्या चुकीने कोणाला इजा होईल ती आधी, म्हणजे विसर्ग आणि पुराचे विधान. मग माणसांची नावे. मग तारखा. आणि मथळा कधीही वगळू नका; तो सर्वांत शेवटी लिहिला जातो आणि सर्वांत कमी वेळा तपासला जातो.

शेवटी मुद्रितशोधन

आता ‘सुरु’ला हात लावा. शब्दाच्या शेवटचा इ-उ दीर्घ, म्हणून ‘सुरू’. सामान्यरूपात उपान्त्य ऱ्हस्व होतो: पूर पण पुराचे, फूट पण फुटांवर, जमीन पण जमिनीत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द याला अपवाद आहेत, परीक्षा हा परीक्षेतही दीर्घच राहतो. ‘दरवाज्यातून’मध्ये दोन गोष्टी आहेत. दरवाजे सहा, म्हणून अनेकवचनाचा अनुस्वार हवा. आणि नियमाप्रमाणे शेवटचा ‘जा’ तसाच राहतो. म्हणून ‘दरवाजांतून’. असे अनुस्वार पडद्यावर चटकन दिसत नाहीत, त्यामुळे जमेल तेव्हा छापील प्रत काढा आणि ओळीखाली पट्टी धरून मोठ्याने वाचा. दुरुस्त केलेली प्रत आली की दुरुस्तीची ओळ आणि तिच्या आधीची-नंतरची ओळ पुन्हा वाचा.

हे सगळे झाल्यावर परिच्छेद असा उभा राहतो:

«सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. आठवडाभरात धरणातील एकूण साठा ६० वरून ७५ टक्क्यांवर गेला. सोमवारी सकाळी आठच्या नोंदीनुसार सहा वक्र दरवाजांतून ५० हजार क्युसेक विसर्ग सुरू असून, तो कायम राहिल्यास दिवसाला सुमारे ४.३ टीएमसी पाणी नदीत जाईल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप या धरणाने सोसला आहे. ‘सध्याच्या विसर्गानं पूर येणार नाही, पण पाऊस असाच राहिला तर विसर्ग वाढवावा लागेल,’ असे कार्यकारी अभियंत्यांनी सांगितले.»

प्रत्यक्ष पानावर ‘सोमवारी’च्या जागी तारीख आणि अभियंत्यांचे नाव येईल. शेवटचे वाक्य गेले आहे. कोळकेवाडी आणि पोफळीची अक्षरे दुरुस्त झाली होती, पण वीजनिर्मिती सुरळीत असल्याचे लेखकाला कोणी सांगितले, हे मधल्या रकान्यात शेवटपर्यंत भरता आले नाही. धरणावरचे अभियंते त्या वीजगृहांविषयी बोलले नव्हते, आणि वीजगृहातला फोन रात्री कोणी उचलला नाही.